किनारा की थंड हवेचं ठिकाण? दोन लहानग्यांसह पहिल्या सुट्टीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

कुटुंब पाच जणांचं: आई, बाबा, आजी, दोन वर्षं दहा महिन्यांचा मुलगा आणि चौदा महिन्यांची मुलगी. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वेळा, अंतरं आणि निर्णयांचा क्रम मूळचाच ठेवला आहे. घर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर. हिवाळा सरत आलेला, म्हणजे दुपारी ३० अंश आणि पहाटे १५ अंश असे दिवस. गाडी स्वतःची, सुट्टी चार रात्रींची.

निर्णयावर ज्यांचा खरा परिणाम झाला अशा तीन गोष्टी घरात आधीपासून होत्या. थोरल्याला वळणाच्या रस्त्यावर एकदा उलट्या झाल्या होत्या. धाकटीला पंधरा दिवसांपूर्वी सर्दी होऊन कान दुखला होता आणि नाक अजून पूर्ण मोकळं झालं नव्हतं. आजींना सपाटीवर चालायला काही अडचण नव्हती, पण जिने उतरताना गुडघे दुखत.

प्रश्न

बाबांना डोंगरावर जायचं होतं. तिथे हवा थंड, डास कमी, पाण्याचा धोका नाही, हे त्यांचे मुद्दे. आईंना समुद्र हवा होता. मुलांना वाळू आवडेल आणि एकाच जागी राहता येईल, हे त्यांचं म्हणणं. दोघांची बाजू खरी होती आणि त्यामुळेच आठवडाभर काही ठरेना. ठिकाणांचे फोटो समोरासमोर ठेवून होणारी तुलना इथे कामाची नसते. फोटो मोठ्यांच्या नजरेने आणि बहुतेक वेळा दिवसाच्या सर्वांत चांगल्या तासात काढलेले असतात. तो तास मुलांच्या झोपेचा असेल, तर त्या फोटोचा या कुटुंबाला काय उपयोग?

कोंडी फुटली ती मुलांचं वेळापत्रक कागदावर उतरवल्यावर. थोरला सकाळी साडेसहाला उठायचा, दुपारी १ ते ३ झोपायचा आणि रात्री आठला आडवा व्हायचा. धाकटीला अजून दोन झोपा लागत: पावणेदहा ते अकरा आणि अडीच ते चार. रात्री साडेसातला ती गाढ झोपलेली असे. दोघंही जागी असतात असे दिवसातले तुकडे तीनच उरले: सकाळी साडेसहा ते पावणेदहा, अकरा ते एक आणि दुपारी चार ते साडेसात. त्यातून खाणं, अंघोळ, कपडे बदलणं वजा केलं की सकाळी दोन तास, मध्ये जेमतेम एक आणि संध्याकाळी दोन. सगळे मिळून बाहेर पडू शकतील असे दिवसाचे पाच तास, आणि त्यातले चार दिवसाच्या दोन टोकांना.

या वयाच्या मुलांच्या घरात थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसतं. त्यामुळे प्रश्नही बदलला. या महिन्यात दिवसाच्या दोन्ही टोकांना कुठल्या ठिकाणी मुलांना मोकळं सोडता येईल, एवढंच आता पाहायचं होतं.

पर्याय १: थंड हवेचं ठिकाण

निवडलेलं ठिकाण १,४५० मीटर उंचीवर होतं, म्हणजे घरापेक्षा ९०० मीटर वर. दर हजार मीटरला हवेचं तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. या हिशेबाने तिथे पहाटे नऊ अंश आणि दुपारी चोवीस अंश अपेक्षित होते. आता हे आकडे वेळापत्रकावर ठेवून पाहा. सकाळी सात वाजता, मुलं सर्वांत उत्साहात असताना, बाहेर नऊ-दहा अंश, ओलं गवत आणि बऱ्याचदा धुकं. संध्याकाळी ऊन कड्याआड गेलं की पारा झपाट्याने खाली येतो. हवा सर्वांत सुखद असते दुपारी बारा ते चारच्या दरम्यान, आणि त्यातला बहुतेक वेळ दोघांपैकी एक तरी झोपलेलं. मोठ्यांना नऊ अंशांत फिरायला मजा येते. चौदा महिन्यांचं मूल मात्र तीन थर कपड्यांत नीट चालू शकत नाही, पडलं तर हात टेकू शकत नाही, आणि ओलं झालं की सगळं बदलावं लागतं.

दुसरा मुद्दा रस्त्याचा. एकूण अंतर २१० किलोमीटर, म्हणजे किनाऱ्यापेक्षा कमी. पण शेवटचे चाळीस किलोमीटर घाटाचे होते आणि तेवढ्यालाच दीड तास लागणार होता. गाडी लागण्याचा त्रास दोन वर्षांखालच्या मुलांत क्वचितच दिसतो. दोनानंतर तो सुरू होतो आणि शाळेच्या वयात सर्वांत जास्त असतो. कारण साधं आहे. आतला कान वळण ओळखतो, पण आसनात बसलेल्या मुलाच्या डोळ्यांसमोर फक्त पुढच्या सीटची पाठ असते. दोन्हीकडून आलेली खबर जुळत नाही. थोरला त्या वयात शिरलेला होताच. उलटी थांबवणारी औषधं असतात, पण त्यातली काही दोन वर्षांखाली द्यायचीच नसतात आणि बाकीची मुलाला गुंगी आणतात किंवा उलट चिडचिडं करतात. त्यामुळे औषध आणि त्याची मात्रा हा बालरोगतज्ज्ञांचा विषय. घरातल्या मोठ्यांच्या गोळीचा तुकडा करून देणं हा त्याचा पर्याय नव्हे.

धाकटीच्या कानाचा मुद्दा वेगळा. सर्दीने घसा आणि कान जोडणारी नळी बंद असली की उंची बदलताना पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होत नाही. चढताना त्रास होतो, पण उतरताना जास्त होतो. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली नाही. घाट उतरताना तिला सतत काहीतरी चोखायला किंवा गिळायला द्या, एवढंच सांगितलं. म्हणजे परतीच्या घाटात ती झोपू नये याची काळजी घ्यायची, आणि तिची झोप तर नेमकी त्याच वेळची.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. विरळ हवेमुळे होणारा उंचीचा आजार साधारण अडीच हजार मीटरच्या वरचा प्रश्न आहे. १,४५० मीटरवर त्याची धास्ती घेण्याचं कारण नव्हतं आणि तो मुद्दा यादीतून काढून टाकण्यात आला. याउलट ऊन डोंगरावर कमी लागतं हा समज मात्र चुकीचा. दर हजार मीटरला अतिनील किरणं सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. हवा गार असल्यामुळे त्वचा भाजतेय हे कळत नाही, इतकंच.

तिसरा मुद्दा जमिनीचा. फोनवर विचारल्यावर कळलं की गाडी लावण्याच्या जागेपासून खोलीपर्यंत ४६ पायऱ्या आहेत. आजींना दिवसातून तीनदा त्या चढायच्या-उतरायच्या. पाहण्यासारखी ठिकाणं म्हणजे कड्यावरचे कठड्याचे पॉइंट. नुकतंच चालू लागलेलं मूल अशा जागी पूर्ण वेळ कडेवर ठेवावं लागतं आणि दहा मिनिटांत ते खाली उतरण्यासाठी हातपाय झाडू लागतं. त्या निवासाला सपाट हिरवळ असती, तर चित्र बरंच बदललं असतं.

पर्याय २: समुद्रकिनारा

अंतर २९० किलोमीटर, रस्ता बहुतेक सरळ, न थांबता साडेपाच-सहा तास. तापमान पहाटे एकवीस, दुपारी बत्तीस. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सात हवा सुसह्य, दुपार पूर्ण बाद. दुपारी मुलं झोपणारच होती. वेळापत्रकाशी किनारा इतका नीट जुळत होता की पारडं इथेच झुकलं.

पण किनाऱ्याचा धोका थंडीसारखा सौम्य नसतो. लहान मूल काही सेंटीमीटर पाण्यातही बुडू शकतं आणि बुडताना ओरडत नाही, पाणी उडवत नाही. समुद्रावर सगळे सावध असतात, मुलाचा हात सुटत नाही. दक्षता सुटते ती खोलीवर परतल्यावर: सामान आवरताना, फोन करताना, कोणी अंघोळीला गेलेलं असताना. म्हणून किनाऱ्यावरच्या मुक्कामात खोलीसमोरचा पोहण्याचा तलाव आणि न्हाणीघरातली भरलेली बादली यांचा विचार समुद्राच्या आधी करावा लागतो.

कुटुंबाला सर्वांत आवडलेलं निवासस्थान नेमकं याच कारणाने बाद झालं. खोलीच्या दारापासून आठ पावलांवर तलाव, मध्ये कुंपण नाही. "आमच्याकडे कायम माणूस असतो," असं तिथून सांगण्यात आलं. तो माणूस रात्री आणि जेवणाच्या वेळी तिथे असतो का, याला स्पष्ट उत्तर मिळालं नाही. दार उघडायला शिकलेल्या पावणेतीन वर्षांच्या मुलाला आठ पावलं जायला किती वेळ लागणार? त्यांनी तलाव नसलेलं साधं घरगुती निवासस्थान घेतलं. आईंना ते थोडं जिवावर आलं, पण निर्णय योग्य होता.

निवड आणि आरक्षणापूर्वीचे प्रश्न

किनारा ठरला. आरक्षणापूर्वी बाबांनी मालकांना फोन केला आणि खोलीपासून पाण्यापर्यंत चालत काढलेला सलग व्हिडिओ मागवला. फोटोत दिसत नाही ते अशा व्हिडिओत दिसतं. किनाऱ्याच्या वाटेवर वाहनांचा रस्ता आहे का, वाळू सपाट आहे की पाण्याजवळ एकदम खोल उतार आहे, व्हरांड्याच्या कठड्याच्या गजांमधलं अंतर किती, न्हाणीघराला बाहेरून उंचावर कडी आहे का, हे सगळं त्यातून तपासलं. गजांमध्ये दहा सेंटीमीटरहून जास्त फट असेल तर लहान मूल त्यातून निसटू शकतं. इथली फट बारा-तेरा सेंटीमीटरची होती. मालकांनी तिथे जाळी बांधून देतो म्हटलं आणि आल्यावर ती खरोखर बांधलेली होती. विचारलं नसतं तर बांधली गेली नसती.

खोल्यांचा प्रश्न झोपेशी जोडलेला होता. दोन मुलांच्या झोपेच्या वेळा वेगळ्या असतील आणि खोली एकच असेल, तर एकाच्या झोपेसाठी उरलेल्या सगळ्यांना बाहेर बसावं लागतं. त्यांनी शेजारशेजारच्या दोन खोल्या आणि समोर सामाईक व्हरांडा असं घेतलं. तळमजला, दोनच पायऱ्या. जमिनीवर गाद्या टाकून मिळतील का हेही विचारून ठेवलं. उंच पलंगावर अनोळखी खोलीत पहिल्या रात्री मूल पडतं, हा नेहमीचा अनुभव.

प्रवास

पहाटे चारला निघून मुलं झोपेत असताना अंतर कापायचं, असा एक विचार होता. तो सोडून दिला, कारण अर्धवट झोपलेला चालक हा गाडीतला सर्वांत मोठा धोका असतो आणि पहाटेचे तास त्यासाठी सर्वांत वाईट. निघाले साडेआठला. पावणेदहाची धाकटीची झोप गाडीत झाली, दुपारची दोघांची झोपही गाडीतच. साधारण दर दोन तासांनी थांबे घेतले, एकूण तीन. प्रत्येक थांब्यावर मुलांना आसनातून पूर्ण बाहेर काढून जमिनीवर चालू दिलं. थांबून गाडीतच भरवणं हा थांबा मोजायचा नाही. रडते म्हणून मुलीला आसनातून काढून मांडीवर घ्यायचं नाही, हे निघण्यापूर्वीच ठरलं होतं; ती दोनदा रडली आणि दोन्ही वेळा गाडीच थांबवली. साडेचारला मुक्कामी पोचले.

पहिली चूक: भरतीची वेळ

पाच वाजता सगळे किनाऱ्यावर गेले. ओहोटी सव्वाचारला होऊन गेली होती, पाणी लांब होतं आणि समोर रुंद, ओली, घट्ट वाळू पसरलेली. मागे उरलेल्या उथळ डबक्यांत धाकटी तासभर बसून राहिली. फोटोतल्यासारखी संध्याकाळ. त्यावरून त्यांनी धरून चाललं की किनारा असाच असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला त्याच जागी चटई अंथरली. आठ वाजून दहा मिनिटांनी लाट चटईपर्यंत आली. कोणाला काही झालं नाही, पण धाकटीला उचलून, सामान गोळा करून मागे पळावं लागलं आणि थोरला लाटेला जो घाबरला तो पुढचा दीड दिवस पाण्याजवळ यायला तयार नव्हता.

हे घडणार हे आदल्या दिवशीच कळण्याजोगं होतं. दोन ओहोट्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं जातात. संध्याकाळची ओहोटी सव्वाचारला असेल, तर पुढची पहाटे चार वाजून चाळीस मिनिटांनी आणि त्यानंतरची भरती पावणेअकराच्या सुमारास. या सहा तासांत पाणी एकसारखं चढत नाही. पहिल्या आणि शेवटच्या तासात ते जेमतेम हलतं. मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मी चढण होते. इथे ते मधले दोन तास म्हणजे पावणेसात ते पावणेनऊ, बरोबर यांच्या चटईची वेळ. तिथे ओहोटी-भरतीतला फरक सुमारे तीन मीटर होता. म्हणजे त्या वेळी पाणी तासाला पाऊण मीटर चढत होतं. किनारा जितका सपाट, तितकं ते आडवं जास्त सरकतं. पन्नास मीटर चालल्यावर एक मीटर उतरणाऱ्या वाळूवर पाऊण मीटर चढण म्हणजे तासाला सदतीस-अडतीस मीटरची आगेकूच. चाळीस मिनिटांत पंचवीस मीटर. चटई पाण्यापासून तेवढ्याच अंतरावर होती.

गंमत अशी की सपाट किनारा लहान मुलांसाठी सुरक्षित म्हणूनच निवडलेला असतो, आणि पाणी सर्वांत झपाट्याने पुढे येतं तेही त्याच किनाऱ्यावर.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालकांकडून भरती-ओहोटीच्या वेळा घेऊन त्या दारावर चिकटवल्या. रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे सकाळची ओहोटी तिसऱ्या दिवशी साडेपाचला, चौथ्या दिवशी सहा वीसला येणार होती. संध्याकाळची दुसऱ्या दिवशी पाच वाजून पाच मिनिटांनी आणि तिसऱ्या दिवशी सहाच्या जरा आधी. यावरून नवा क्रम ठरला. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी किनारा मुख्यतः संध्याकाळी, सकाळी अंगणात पाणी-मातीचा खेळ. चौथ्या दिवशी सकाळ पुन्हा किनाऱ्यावर, कारण आता साडेसहा ते आठ पाणी लांब राहणार होतं.

पाण्यावरची पाळी

पहिल्या संध्याकाळी तीन मोठी माणसं होती आणि तिघांनाही वाटत होतं की दुसरं कोणीतरी बघतंय. आईंनी हे ओळखलं आणि दुसऱ्या दिवसापासून पाळी लावली. एका मुलामागे एक मोठं माणूस, हात लांब केला की मूल हाताला लागेल इतक्या अंतरावर, फोन पिशवीत. वीस मिनिटांनी बदली, आणि बदली तोंडाने बोलून: "आता तू बघ." समोरच्याने "बघतो" म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही. आजींना या मोजणीत धरलं नाही. त्या सोबत असत, पण पळत जाऊन मूल उचलणं त्यांना जमणार नव्हतं, हे त्यांनीच आधी सांगून टाकलं.

थोरल्याच्या भीतीवर ओढून नेणं हा उपाय नव्हता. बाबांनी समुद्राचं पाणी एका घमेल्यात आणून कोरड्या वाळूवर ठेवलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो ओहोटीच्या डबक्यात उतरला, लाटेकडे पाठ करून. चौथ्या दिवशी स्वतः पाण्याच्या कडेपर्यंत गेला.

वाळू आणि डायपर

पाण्यात घालायचे डायपर शी अडवतात, लघवी शोषत नाहीत. आणि त्यांच्या रबरी कडेत वाळू अडकते. धाकटी ओल्या वाळूत तासभर बसली, मग तोच डायपर खोलीवर पोचेपर्यंत अंगावर राहिला. दुसऱ्या रात्री जांघेत लाल चट्टे उठले. पुसून काढण्याच्या प्रयत्नात वाळू आणखी घासली गेली. योग्य क्रम असा: किनारा सोडण्यापूर्वीच दोन लिटर गोड्या पाण्याने धुऊन काढायचं, कापडाने टिपायचं, घासायचं नाही, कोरडं झालं की जस्ताचं मलम लावून साधा डायपर घालायचा. हे सुरू केल्यावर चट्टे दोन दिवसांत बसले. पाण्याच्या दोन बाटल्या एवढाच खर्च.

उन्हासाठी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मान झाकणारी टोपी यांवरच भर दिला. जस्तयुक्त, एसपीएफ ३० चं क्रीम फक्त उघड्या भागांना, बाहेर पडण्यापूर्वी वीस मिनिटं आणि नंतर दर दोन तासांनी.

दुसरी चूक: दीपगृह

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता जवळचं दीपगृह पाहायला निघण्याचा मोह झाला. मधला मोकळा तास वाया जातोय असं वाटलं. खरं तर तो तास थंड हवेच्या ठिकाणी उपयोगाचा असतो, किनाऱ्यावर नाही. जाणं-येणं आणि चढण धरून दोन तास गेले. थोरला परतताना गळून गेला, दूध नको म्हणाला, आणि साडेचार तास त्याचा डायपर कोरडाच होता. लहान मुलांचं शरीर वजनाच्या मानाने मोठ्या पृष्ठभागाचं असतं आणि घाम कमी येतो, त्यामुळे ती मोठ्यांपेक्षा लवकर तापतात. तहान लागली हे ती वेळेवर सांगतही नाहीत.

आईंनी त्याला सावलीत झोपवून ओल्या कापडाने पुसलं आणि ओआरएस चमच्याचमच्याने दिलं. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, उरलेलं चोवीस तासांनी टाकून देण्याच्या बोलीवर. अर्धं पाकीट अंदाजाने अर्ध्या पेल्यात टाकण्याची सवय घातक आहे. मीठ जास्त झालं की त्रास वाढतो. डॉक्टरांकडे कधी न्यायचं याची रेघ त्यांनी आखून ठेवली: सहा तासांत लघवी नाही, रडताना अश्रू नाहीत, डोळे खोल गेले किंवा मूल नीट जागं होत नाही, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच. तशी वेळ आली नाही. पाऊण तासाने लघवी झाली, पाचला तो खेळायला उठला.

फलित

चार रात्रींत दुपारची झोप एकदाच बुडाली, दीपगृहाच्या दिवशी. रात्रीची झोप पहिल्या रात्री विस्कटली, पुढे घरच्यासारखी झाली. घरून आणलेल्या न धुतलेल्या चादरींचा वास मुलांच्या ओळखीचा होता, त्याची मदत झाली असावी. आजी रोज किनाऱ्यावर येऊ शकल्या. परतीच्या दिवशी बाबांनी मान्य केलं की डोंगरावर असते तर सकाळचे दोन तास खोलीतच गेले असते. आईंनी मान्य केलं की मधल्या वेळेचं काय करायचं याचा विचार त्यांनी केलाच नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं, तारखा ठरवतानाच भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहायला हवं होतं. आठवडाभर मागेपुढे सरकायची मुभा या कुटुंबाला होती. सकाळची ओहोटी सहा ते साडेआठच्या दरम्यान येईल असे चार दिवस निवडले असते, तर चारही सकाळी वापरता आल्या असत्या. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. डबक्यांसाठी ते चांगलं, चटईसाठी वाईट.

दुसरं, प्रवास एका दिवसात आठ तासांचा झाला. वाटेत एक रात्र थांबणं शक्य होतं, पण मग किनाऱ्यावर तीनच रात्री उरल्या असत्या. चार रात्रींत हा सौदा फायद्याचा नाही. सहा असत्या तर नक्की थांबावं.

तिसरं, महिना. हीच माणसं हीच तुलना भर उन्हाळ्यात करती, तर उत्तर उलटं आलं असतं. किनाऱ्यावर सकाळी आठनंतर ऊन सोसवत नाही आणि संध्याकाळी सहापर्यंत वाळू पायाला भाजते. डोंगरावर सकाळ-संध्याकाळ अठरा ते बावीस अंश असतात. तेव्हा घाटाचा त्रास सोसूनही डोंगरावर जाणं योग्य ठरतं.

त्या वेळेसाठी डोंगराच्या अटी त्यांनी आत्ताच लिहून ठेवल्या आहेत. मुक्काम दोन हजार मीटरच्या खाली. गाडीपासून खोलीपर्यंत पायऱ्या दहापेक्षा जास्त नकोत आणि दारासमोर कुंपण असलेली सपाट जागा हवी. पॉइंट एकही पाहिला नाही तरी चालेल. घाट सुरू होण्यापूर्वी दीड-दोन तास आधी हलकं खाऊन घ्यायचं आणि पायथ्याशी अर्धा तास थांबायचं. थोरल्याच्या खिडकीतून बाहेर दूरचं दिसेल अशा उंचीवर त्याचं आसन बसवायचं, घाटात पुस्तक आणि मोबाइल दोन्ही बंद, खिडकी चार बोटं उघडी. उतरण्याची वेळ धाकटी जागी असतानाची, आणि निघण्याच्या आठवड्यात तिला सर्दी असेल तर बेत पुढे. खोलीत शेकोटी किंवा कोळशाची शेगडी पेटवून दारं-खिडक्या बंद करायच्या नाहीत, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मालक कितीही आग्रह करोत, जास्तीची पांघरुणं मागायची.